अपिलाचा निकाल येईपर्यंत डिमांड थांबवून ठेवावी का?

प्रश्न: मी नोकरदार आहे, 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. कर निर्धारण वर्ष 2023-24 च्या छाननीत घरविक्रीच्या नफ्यावरची माझी सूट नाकारली. कर 1,40,060 रुपये आणि व्याज 32,200 रुपये, अशी 1,72,260 रुपयांची डिमांड नोटीस 1 मार्च 2025 ला मिळाली. आदेशाची तारीख 28 फेब्रुवारी. अपील केलं आहे. आता जून सुरू आहे, पैसे भरलेले नाहीत. 7 टक्क्यांची एफडी आहे. ती मोडू की निकालाची वाट पाहू?

उत्तर: नमस्कार. मी तुमच्या जागी असतो तर 30 जूनच्या आत पैसे भरले असते, आणि अपीलही चालू ठेवलं असतं. डिमांड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही. असं का म्हणतो, हे कळण्यासाठी आधी व्याज कसं लागलं ते पाहू.

तुमच्या प्रकरणात दोन वेगवेगळी व्याजं आहेत. नोटिशीतले 32,200 रुपये हे कलम 234बी चं, म्हणजे अग्रिम कर कमी भरल्याचं व्याज. टीडीएस वजा जाता जो कर उरला त्याच्या 90 टक्केही अग्रिम कर भरलेला नसेल, तर 1 एप्रिल 2023 पासून निर्धारणाच्या आदेशाच्या तारखेपर्यंत दरमहा 1 टक्का सरळव्याज लागतं. मुद्दल शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणून 1,40,060 चे 1,40,000 धरले. एप्रिल 2023 ते फेब्रुवारी 2025 हे 23 महिने. 1,40,000 चे 23 टक्के 32,200. आकडा बरोबर आहे. छाननीचा आदेश यायला जितका उशीर, तितकं हे व्याज वाढतं, आणि तो उशीर तुमच्या हातात नसतो. लोकांना हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. पण कायदा तसाच आहे.

दुसरं व्याज नोटिशीत छापलेलं नसतं, ते नोटिशीनंतर सुरू होतं. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवस मुदत असते. तुमची 31 मार्चला संपली. 1 एप्रिलपासून कलम 220(2) नुसार पुन्हा दरमहा 1 टक्का सुरू झाला आहे, आणि तो फक्त करावर नाही, नोटिशीतल्या संपूर्ण रकमेवर, म्हणजे आधीच्या 32,200 वरही. 1,72,200 वर महिन्याला 1,722 रुपये. महिन्याचा एक दिवस जरी गेला तरी पूर्ण महिना धरला जातो. म्हणून 30 जूनला भरलंत तर तीन महिन्यांचे 5,166 रुपये, आणि 2 जुलैला भरलंत तर चार महिन्यांचे 6,888.

आता एफडीचं गणित. इतक्याच रकमेवर वर्षाला 7 टक्क्यांनी साधारण 12,054 रुपये व्याज मिळतं, पण उपकर धरून 31.2 टक्के कर गेल्यावर हातात 8,300 च्या आसपास राहतात. डिमांडवर वर्षाला 20,664 रुपये व्याज चढतं आणि त्याची कुठेही वजावट मिळत नाही. म्हणजे तुम्ही थांबलात आणि अपील हरलात, तर वर्षाला सुमारे 12,400 रुपयांचं नुकसान.

उलट बाजूही पाहायला हवी. आज भरलंत आणि अपील जिंकलात तर पैसे परत मिळतात, त्यावर कलम 244ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळतं. ते करपात्र असतं, त्यामुळे कर गेल्यावर वर्षाला 7,100 च्या आसपास हाती येतात. एफडीच्या तुलनेत वर्षाला जेमतेम 1,200 रुपयांचा तोटा.

चुकीच्या बाजूला पडल्याची किंमत एकीकडे 12,400, दुसरीकडे 1,200. थांबणं परवडायचं तर अपील जिंकण्याची शक्यता दहात नऊपेक्षा जास्त असायला हवी. घरविक्रीच्या सुटीचे वाद बहुतेकदा तारखांवर आणि कागदपत्रांवर ठरतात. तेव्हा तुमच्या वकिलांना किंवा सीएंना हा प्रश्न थेट विचारा. मुदतीपूर्वी एफडी मोडण्याचा दंडही या हिशेबात धरा, पण तो बहुधा एकदाच आणि थोडा असतो, तर डिमांडचं व्याज दर महिन्याला चढतं.

स्थगितीबद्दल एक गैरसमज फार आढळतो. 20 टक्के भरून उरलेल्या रकमेच्या वसुलीला स्थगिती मिळते, पण व्याज थांबत नाही. पुढे अपील हरलात तर 220(2) चं व्याज मूळ मुदत संपल्यापासूनच मोजलं जाईल. जिंकलात तर ज्या रकमेची डिमांड रद्द झाली तिच्यावरचं व्याजही रद्द होतं. पूर्ण रक्कम एकदम जमत नसेल तर जमेल तितकी आजच भरा. पुढचं व्याज उरलेल्या रकमेवरच लागेल.

भरताना पोर्टलवर थकीत डिमांडच्या उत्तराच्या पानावरून, त्याच डिमांडच्या संदर्भ क्रमांकासह, नियमित निर्धारणाच्या करासाठी असलेल्या 400 क्रमांकाच्या शीर्षाखाली भरा. 300 हे स्वयंनिर्धारण कराचं शीर्ष आहे. त्याखाली पैसे गेले तर ते जमा होऊनही डिमांड उघडीच दिसू शकते. 220(2) चं व्याजही सोबतच भरा, नाहीतर तेवढी बाकी मागे राहते.