वीकेंड ट्रेकने चरबी किती घटते?

प्रश्न: माझं वजन ७० किलो आहे. दर रविवारी चार तासांचा डोंगर ट्रेक केला तर चरबी कमी होईल का? सोबत खायला काय नेऊ?

होईल, पण एका ट्रेकमागे साधारण १००-१५० ग्रॅम, तेही परतल्यावर जेवण वाढलं नाही तरच. हिशोब असा: दोन तास चढण्यात सुमारे ८००-८५० कॅलरी आणि दीड तास उतरण्यात २५० च्या आसपास, उरलेला वेळ विश्रांतीचा. म्हणजे जवळपास ११०० कॅलरी, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० असतात. घड्याळ यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, कारण घरी बसूनही खर्च झाल्या असत्या त्या कॅलरी ते बहुधा त्यातच धरतं. काट्यावर त्याच संध्याकाळी एक किलो कमी दिसलं तर ते पाणी आहे, दोन दिवसांत परत येतं.

खायला एक केळं आणि मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे पुरे, मिळून पावणेतीनशे कॅलरी. बिस्किटांचा पुडा आणि गोड पेय नेलंत तर निम्मी कमाई वाटेतच संपते. पाणी मात्र दोन लिटर हवंच.

तयारीसाठी आठवड्यात दोनदा २० मिनिटं जिने चढा, आणि उतराही, लिफ्टने खाली येऊ नका. मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरणीने, आणि त्या दुखण्यामुळे पुढचे तीन दिवस बसून काढले तर रविवारचा बराचसा फायदा जातो.

गुडघेदुखी, हृदयविकार किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.