डॅशच्या जागी कोणता शब्द होता?

“आमच्या संस्थेच्या वार्षिक अंकासाठी लोकांनी दिलेले लेख मी पुन्हा लिहून देते. वाचणारे म्हणतात, सगळे लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. पाहिलं तर पानोपानी डॅश, अपूर्णविराम आणि ‘केवळ हे नव्हे, तर तेही’ अशी वाक्यं. हे कमी कसं करायचं?”

मी अंबाजोगाईला राहतो आणि बरीच वर्षं स्मरणिका, दिवाळी अंक यांचं मुद्रितशोधन आणि पुनर्लेखन करतो. माझा अनुभव असा की ही चिन्हं मूळ लेखकाच्या कागदावर फारशी नसतात. आपण पुन्हा लिहायला बसतो तेव्हा ती येतात. लेखकाचा मजकूर पसरट असतो, त्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘आणि मग’ हे शब्द सारखे येतात. ते आपल्याला ढिले वाटतात म्हणून आपण ते काढून टाकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत डॅश बसवतो. त्यामुळे आता डॅश दिसला की मी आधी शोधतो, इथे कोणता शब्द होता.

एका उताऱ्यावर सांगतो, म्हणजे नीट कळेल. लातूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने 2016 च्या पाणीटंचाईची आठवण हाताने लिहून दिली होती. त्या आठवणीवरून मी केलेला पहिला खर्डा असा होता.

> 2016 चा एप्रिल लातूरकर विसरणार नाहीत — त्या महिन्यात शहराला रेल्वेने पाणी आले. मिरजेहून निघालेली पहिली गाडी घेऊन आली होती एकच गोष्ट: पाणी. गाडीला 10 वाघिणी होत्या — प्रत्येकीत 50,000 लिटर. ते केवळ पाणी नव्हते, तर दिलासाही होता. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा — तोही रात्री. त्या उन्हाळ्याने आम्हाला एक गोष्ट शिकवली: पाणी केवळ वापरायचे नसते, तर जपायचेही असते.

सहा वाक्यांत तीन डॅश, दोन अपूर्णविराम आणि दोन ‘केवळ’. एकही वाक्य यांतल्या कशाच्या तरी आधाराशिवाय उभं नाही.

सुरुवात मी ‘केवळ’पासून करतो, कारण तिथे दुरुस्ती केली की पुष्कळदा वाक्यच बदलतं किंवा जातं, आणि मग त्यातली चिन्हं वेगळी काढावी लागत नाहीत. ‘केवळ अमुक नव्हे’ असं लिहिताना समोर कोणीतरी ‘अमुकच आहे’ असं मानणारा असावा लागतो. लातूरबाहेरच्या अनेकांना वाटतं की त्या उन्हाळ्यात शहर रेल्वेच्या पाण्यावरच जगलं. त्यांच्यासाठी ‘लातूर त्या उन्हाळ्यात केवळ रेल्वेच्या पाण्यावर जगले नाही, टँकरही चालू होते’ हे वाक्य मी तसंच ठेवीन. त्यातल्या नकाराला काम आहे. पण ‘ते केवळ पाणी होते’ असं कोण म्हणालं होतं? कोणीच नाही. आपणच एक समज उभा करतो आणि आपणच तो खोडतो.

मग पहिला अर्धा भाग झाकून उरलेला वाचायचा. ‘तो दिलासाही होता.’ एवढंच उरतं, आणि ते किती पोकळ आहे ते लगेच दिसतं. जोडीच्या तोलामुळे ते भरीव वाटत होतं. हा खर्डा मी बाईंना फोनवर वाचून दाखवला तेव्हा त्या याच वाक्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, “दिलासा असं मी कुठं लिवलं?” मी कागद पुन्हा काढला. त्यावर लिहिलं होतं की घरमालकीणबाई टाकीच्या झाकणाला कुलूप लावायच्या, किल्ली कमरेला असायची, आणि गाडी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी ते कुलूप काढलं. हे सगळं मी ‘दिलासा’ या एका शब्दात गुंडाळून फेकून दिलं होतं. शेवटच्या वाक्याचंही तेच. ‘पाणी जपायचेही असते’ हे बाईंचं नव्हतंच. त्यांनी लिहिलं होतं की भाजी धुतलेलं पाणी त्या अजूनही तुळशीला घालतात. म्हणून ‘केवळ’चं वाक्य पोकळ निघालं की शब्दांशी झटापट न करता मूळ कागदाकडे जावं. बहुतेक वेळा तिथे काहीतरी हाताला लागतं. नाहीच लागलं तर ते वाक्य गाळावं.

अपूर्णविरामाचं दुखणं वेगळं आहे. ‘गाडी घेऊन आली होती एकच गोष्ट: पाणी’ हे मोठ्याने म्हणून पाहा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा तो सहसा त्याच्या अगदी आधी बसतो. इथे अपूर्णविरामाला जागा करून देण्यासाठी क्रियापद पुढे ओढलं आणि ‘पाणी’ वाक्याबाहेर टांगलं. जोरासाठी आपल्याकडे ‘च’ आहे. ‘रेल्वेनेच पाणी आणावे लागले’ म्हटलं की चिन्हाची गरज उरत नाही. ‘एक गोष्ट शिकवली:’, ‘कारण एकच:’, ‘सत्य हे आहे:’ असल्या सुरुवाती तर मी सरळ कापतो, कारण त्यांच्यापुढचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं. यादी, वेळ किंवा पत्रकातलं ‘स्थळ’, ‘दिनांक’ यांच्यापुढे अपूर्णविराम ठेवायला हरकत नाही. लेखात मात्र कोणाचं बोलणं द्यायचं असेल तर ‘म्हणाल्या’नंतर स्वल्पविराम पुरतो.

इथे एक धोका सांगून ठेवतो. अपूर्णविराम `:` आणि विसर्ग `ः` दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. बरेच जण ‘दुःख’, ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. तुम्ही सगळे अपूर्णविराम एका झटक्यात बदलायला गेलात तर हे शब्द मोडतात. शोधा जरूर, पण एकेक पाहून बदला. डॅश शोधतानाही `—`, `–` आणि दोन्ही बाजूंना जागा सोडलेली साधी `-` हे तिन्ही वेगवेगळे शोधावे लागतात, नाहीतर निम्मे राहून जातात.

आता डॅश. पहिल्या वाक्यातल्या डॅशखाली ‘कारण’ होतं. पण ‘विसरणार नाहीत’ हे आधी आणि घटना नंतर अशी मांडणीच डॅशसाठी झाली होती. घटना आधी सांगितली की ‘विसरणार नाहीत’ हे लिहावंही लागत नाही. वाघिणींच्या डॅशखाली नुसतं ‘आणि’ होतं. टँकरच्या वाक्यातला डॅश हे शेपूट आहे. वाक्य संपल्यावर ‘तोही रात्री’ मागून चिकटवलं आहे. ते उचलून क्रियापदाच्या आधी नेलं की जागेवर बसतं.

या उताऱ्यात नसलेला आणखी एक प्रकार मराठीला सगळ्यांत जड जातो. ‘गावातला आड — जो निजामाच्या काळात बांधला गेला — यंदाही आटला नाही.’ यात कर्ता सुरुवातीला, क्रियापद शेवटी, आणि मधे दोन डॅशांत कोंडलेलं दुसरं वाक्य. वाचणाऱ्याला ‘आड’ हातात धरून क्रियापदापर्यंत चालत जावं लागतं. मराठीत ही सगळी माहिती नामाच्या आधी सहज येते. ‘निजामाच्या काळात बांधलेला गावातला आड यंदाही आटला नाही.’ ‘बांधलेला’, ‘आटलेला’, ‘राहणारा’ ही रूपं दोन डॅशांचं काम एका शब्दात करतात. माहिती लांबलचक असेल तर मात्र ती आधी कोंबू नये, वेगळं वाक्य करावं.

मराठी गद्यात विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे रुळली, असं मानलं जातं. जुन्या पोथ्यांत फार तर दंड असे. वाक्याला वाक्य जोडायचं काम तेव्हा ‘मग’, ‘तर’, ‘की’, ‘म्हणौनि’ असले शब्दच करत होते. ते आजही ते काम करतात, आणि आमच्याकडच्या बोलण्यात तर भरपूर. ‘रेल्वेनं पाणी आलतं, मिरजेहून, म्हणून बरं झालं’ असं सांगणाऱ्याला कुठेही डॅश लागत नाही.

शेवटी छापायला गेलेला उतारा असा.

> 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी आले. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत 50,000 लिटर पाणी होते. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदाच आणि तोही रात्री यायचा, म्हणून घरमालकीणबाई टाकीच्या झाकणाला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवायच्या. गाडी आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी ते कुलूप काढले. भाजी धुतलेले पाणी मी अजूनही तुळशीला घालते.

लांबी जवळपास तेवढीच आहे, पण आता हा उतारा दुसऱ्या कोणाच्या नावावर खपणार नाही. सगळे लेख एकाच माणसाचे वाटण्याची तुमची अडचण मला इथेच सुटताना दिसते.

दुरुस्ती करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे सगळे डॅश काढून तिथे स्वल्पविराम टाकणं. त्याने जोड होत नाही, वाक्यं नुसती एकमेकांना चिकटतात, आणि कारण कुठलं, परिणाम कुठला हे कळेनासं होतं. दुसरं जास्त फसवं आहे. ‘केवळ’ शब्द काढला जातो, पण तोच झोका राहतो. ‘ते पाणी नव्हते. तो दिलासा होता.’ इथे शोधून ‘केवळ’ही सापडणार नाही आणि डॅशही नाही, तरी दुखणं तेच. हे कानालाच कळतं. उतारा मोठ्याने वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी आवाज एकाच ठिकाणी चढत असेल आणि एकाच ठिकाणी उतरत असेल, तर तोच झोका अजून आत आहे. स्वतःचं लिखाण लगेच वाचलं तर हे ऐकू येत नाही. एक रात्र जाऊ द्या, किंवा दुसऱ्या कोणाला वाचायला सांगून तुम्ही ऐका.

सगळे डॅश काढायचे असंही मी मानत नाही. बोलता बोलता माणूस तुटतो तिथे तो हवाच. त्याच बाईंच्या लेखात पुढे घरमालकीणबाईंचा मुलगा “आई, किल्ली कुठं ठिव—” एवढंच म्हणतो आणि खालून टँकरचा हॉर्न वाजतो. ते मी हात न लावता ठेवलं.