आधी अबोला सोडा, भांडण नंतर

नवरा-बायकोत तीन दिवसांचा अबोला असेल तर लगेच भांडण मिटवायला जाऊ नका, आधी बोलणं सुरू करा. दोन्ही एकदम करायला गेलं की पहिल्याच वाक्यात "पण तूच..." येतं आणि अबोला लांबतो.

मुलं झोपल्यावर समोर बसून एवढंच म्हणा: "असं न बोलता राहणं मला जड जातंय. चूक कोणाची ते आत्ता नको. उद्या जेवणानंतर अर्धा तास बसूया?" यात शरणागती नाही, आरोपही नाही. आवाज चढला असेल तर तेवढ्याचीच माफी मागा, मुद्दा सोडू नका.

उत्तर आलं नाही तर एक दिवस जाऊ द्या, मग पुन्हा विचारा. मात्र "बाबांना सांग, जेवण वाढलंय" असे मुलांकरवी निरोप आजच थांबवा.