स्वप्नात हे येऊन सांगतात, तसं वागावं का?

प्रश्न: हे जाऊन आठ महिने झाले. पहाटे स्वप्नात येऊन म्हणतात, 'बेशाचा प्लॉट विकू नको.' बरं वाटतं, पण दिवसभर गोंधळ होतो. मुलगा विकायचं म्हणतो. काय करू?

उत्तर: ताई, भेट मनापासून घ्या, पण प्लॉटचा निर्णय स्वप्नावर सोडू नका. शोकसमुपदेशनात अशी स्वप्नं पुष्कळ ऐकायला मिळतात. त्यात वेड लागल्यासारखं काही नाही. पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते. त्या वेळी भावना आणि आठवणी जाग्या असतात, पारख करणारा मेंदूचा भाग मात्र मंदावलेला असतो. म्हणून आवाज हुबेहूब त्यांचा वाटतो आणि सांगितलेलं खरंच वाटतं. उठल्याबरोबर त्यांचं वाक्य वहीत लिहा आणि समोर लिहा: हे ते जिवंतपणी कधी म्हणाले होते का? म्हणाले असतील तर कशासाठी? समजा, 'मुलीच्या लग्नाला ठेवू' म्हणाले होते आणि लग्न होऊन गेलं, तर ते कारण संपलं. कधीच म्हणाले नसतील, तर ती बहुधा तुमचीच धास्ती आहे, त्यांच्या आवाजात. तीही मुलाला सांगण्यासारखी आहेच! आणि प्लॉट त्यांच्या नावावर असून मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, मुलं आणि सासूबाई हयात असल्या तर त्या, सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो. तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही. फक्त एक, स्वप्नात ते 'माझ्यासोबत चल' म्हणू लागले किंवा झोपेचीच भीती वाटू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं.