ठिबकच्या व्हिडिओवर 80,000 घालावेत का?

प्रश्न : सांगोल्यात माझं ठिबकचं दुकान आहे. ‘पाणी येत नाही’ या तक्रारीसाठी महिन्याला 25 फेऱ्या होतात, फेरीला 350 रुपये जातात. एक जण ड्रोनसह प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ 80,000 त करून देतो म्हणतो. हंगामासाठी हाताशी दीड लाख आहेत. करू का?

उत्तर : एवढे पैसे घालू नका. व्हिडिओ मात्र जरूर करा, 14,000 त. त्यात ध्वनीसाठी कॉलरचा माईक, संकलन करणाऱ्या मुलाची मजुरी आणि दोन दिवसांचा खर्च बसतो. चित्रण मोबाईलवर होईल.

हिशेब असा. व्हिडिओ पाहून महिन्याला 6 फेऱ्या जरी टळल्या, तरी 2,100 रुपये वाचतात. 14,000 सात महिन्यांत सुटतात. 80,000 सुटायला तीन वर्षांहून जास्त लागतील, आणि हंगामाच्या तोंडावर निम्म्याहून अधिक भांडवल अडकेल. ड्रोनमधून हिरवं शेत छान दिसतं, पण बुजलेला ड्रिपर दिसत नाही. तुमच्या फेऱ्या तर त्याच्यामुळेच होतात.

म्हणून संहिता एकाच गोष्टीवर लिहा : शेवटच्या झाडाला पाणी पुरतं का. सुरुवात गाळणीपाशी करा. आधीच्या आणि नंतरच्या प्रेशर गेजवर कॅमेरा जवळ न्या. “दादा, या दोन काट्यांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला, की गाळणी धुवायची.” मग जाळी काढून तिच्यावरचा चिखल बोटानं पुसून दाखवा.

त्यानंतर खरं दृश्य. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली भांडं ठेवा, घड्याळ लावून बरोबर तीन मिनिटं. मापात 200 मिली भरायला हवेत. पहिल्या ओळीला 200 आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला 120 भरले, तर दोन्ही मापं शेजारी ठेवून दाखवा, बोलायची गरजच नाही. मग नळीच्या टोकाची एंड कॅप उघडा. गढूळ पाणी येईल, ते नितळ होईपर्यंत कट करू नका. “एका वेळी चार-पाचच नळ्या उघडा, नाहीतर दाब पडतो आणि घाण आतच राहते.” हे वाक्य नक्की ठेवा. माझ्या भावाच्या डाळिंबाच्या बागेत सगळ्या टोप्या एकदम उघडल्या होत्या, दिवस वाया गेला.

धुऊनही माप भरलं नाही, तर बहुधा क्षार धरलेत. आम्लाची प्रक्रिया व्हिडिओत दाखवू नका. पाण्यानुसार मात्रा बदलते, चुकली तर हात भाजतो, मुळांनाही धोका. तिथे “दुकानात फोन करा” एवढंच म्हणा. त्या फेरीचे पैसे लावायलाही तुम्हाला संकोच नको.

मोटारीच्या आवाजात बोलणं रेकॉर्ड करू नका, ते घरी बसून वेगळं घ्या. लांबी चार मिनिटांच्या आत ठेवा. नवा संच बसवला, की त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवा. तीन महिने वहीत फेऱ्या मांडा. 6 टळल्या नाहीत, तर दुसरा व्हिडिओ करण्याआधी मला ती वही दाखवा.