नाशिकमधील लघुपटासाठी कोणकोणती संमतिपत्रे घ्यावीत?

प्रश्न : पंचवटीतल्या जुन्या वाड्यात लघुपट करतोय. नऊ वर्षांची मुलगी भूमिकेत आहे. तिची सही चालेल का?

उत्तर : चालणार नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, म्हणून संमतिपत्रावर आई किंवा वडिलांनी पालक या नात्याने, मुलीचे नाव व जन्मतारीख नमूद करून सही करावी. मात्र ही सही तुम्हाला केवळ तिचे चित्रण वापरण्याची मुभा देते, तिला कामावर घेण्याची नव्हे. त्यासाठी बालकामगारविषयक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि मानधनाचा किमान वीस टक्के भाग तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. निर्माते नेमके इथेच चुकतात, याची मला फार काळजी वाटते.

प्रौढ कलाकाराची लेखी संमती त्याला पुढे चित्रपटातील सादरीकरणाच्या वापरावर आक्षेप घेण्यापासून सामान्यतः रोखते.

वाड्याचे संमतिपत्र अनधिकृत प्रवेशाच्या दाव्यापासून वाचवते, पण सही मालकाचीच हवी. वाडा तीन भावांच्या सामाईक मालकीचा असेल आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूनेच सही केली असेल, तर अंगणात कॅमेरा लागल्यावर कोणताही भाऊ चित्रीकरण थांबवू शकतो. म्हणून आधी मालमत्ता पत्रकावरील नावे तपासावीत.