दुकानातलं प्रोबायोटिक दही, ताक, लस्सी घेताना काय बघावं? त्यात जिवंत जिवाणू खरंच असतात का?

सगळ्यांत नसतात. आधी बघा, वस्तू फ्रीजमध्ये होती की बाहेर फळीवर. फळीवरचं, महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं ताक किंवा लस्सी विरजल्यानंतर पुन्हा तापवलेली असते. त्यात जिवाणू मरतात, म्हणून तर ती फ्रीजविना टिकते. तहानेला खुशाल प्या, पण पोटासाठी म्हणून पैसे घालू नका.

मी नाशिकमध्येच एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, पण हे घरीही कळतं. मागच्या उन्हाळ्यात गंगापूर रोडवरून पिशवीतलं दही, पिशवीतलं साधं ताक आणि खोक्यातलं साधं ताक आणलं. तीन वाट्यांत उकळून कोमट केलेलं दूध घेतलं, बोट सहज ठेवता येईल इतपत, आणि प्रत्येकीत एकेक चमचा विरजण घातलं. सात तासांनी दह्याची वाटी घट्ट लागली होती, पिशवीच्या ताकाची जरा सैल, पण लागलेली. खोक्याच्या ताकाची वाटी कलती केली तर दूध तसंच पातळ वाहिलं. मसाला ताकाने हे करू नका, मिठाने गडबड होते.

मात्र दही लागलं म्हणजे ते प्रोबायोटिक झालं, असं नाही. विरजणाचे नेहमीचे जिवाणू बहुतेक जठरातल्या आम्लात टिकत नाहीत. प्रोबायोटिक म्हणून तिथून तगून जाणारा, अभ्यासलेला ठरावीक वाण घालतात. म्हणून पाकिटावर जिवाणूचं नाव आणि संख्या (सीएफयू) शोधा. आपल्याकडच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी हवेत. समोर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘प्रोबायोटिक’ आणि मागे नाव-संख्या काहीच नसेल, तर मी ते परत ठेवते.

साखरेसाठी ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचा. ‘टोटल शुगर’मध्ये दुधाची स्वतःची साखरही धरलेली असते. आकडा बहुधा 100 मिलीचा असतो. तिथे 11 ग्रॅम लिहिलं असेल, तर 200 मिली लस्सीत वरून घातलेली 22 ग्रॅम साखर गेली, म्हणजे चार चमच्यांहून जास्त. मधुमेह असलेल्यांनी प्रोबायोटिकच्या छोट्या बाटल्यांवरही ही ओळ वाचावी, त्या बऱ्याच गोड असतात.

आता ताजेपणा. काही दुकानदार रात्री फ्रीज बंद करतात. आमच्या जवळच्या एका दुकानात मला सकाळी दह्याच्या पिशव्या कोमट लागल्या, तारीख मात्र चार दिवस पुढची. अशा दह्यात आंबटपणा वाढतो आणि प्रोबायोटिक जिवाणू झपाट्याने कमी होतात. म्हणून पिशवी हातात घेऊन गारवा बघा. वर थोडं पाणी सुटलेलं चालतं. पिशवी फुगली असेल तर आत नको ते जंतू वाढलेत, ती घेऊच नका. मी साधं दही सगळी खरेदी उरकल्यावर शेवटी उचलते आणि ताक घरीच घुसळते, त्यात साखरेचा प्रश्नच येत नाही.